सुनंदाबाईंची डागी सफरचंदं

भार्गवी सोमलवारला बंगळुरात येऊन चौथं वर्ष लागलं होतं, आणि तिला ओळखणारी माणसं म्हणाल तर दोन. एक कोपऱ्यावरचा दूधवाला. तिला लांबून बघितलं की तो न विचारता अर्ध्या लिटरची पिशवी पुढे सरकवायचा. दुसऱ्या सुनंदाबाई. ऑफिसातली माणसं होती, नाही असं नाही. पण ती सगळी सहाच्या ठोक्याला आपापल्या घरी पळायची, आणि भार्गवी जयनगरातल्या गच्चीवरच्या एका खोलीत यायची. नागपूरची, सदतिसाव्या वर्षातली, बिनलग्नाची. घरमालकांनी पहिल्याच दिवशी "एकट्याच राहणार?" असं विचारलं होतं आणि नंतर तीन वर्षांत दुसरं काही विचारलं नव्हतं. आता बोला!

सुनंदाबाई तिला भाजीबाजारात सापडल्या. कोथिंबिरीची जुडी हातात धरून भार्गवी स्वतःशीच मराठीत पुटपुटत होती, "ही कोथिंबीर आहे की गवत?" तशी शेजारची नऊवारीतली बाई गर्रकन वळली. "अगंबाई, तू मराठी? कुठली गं तू?" झालं. पुढच्या रविवारी भार्गवी त्यांच्या घरी जेवायला होती, आणि त्याच्या पुढच्याही. मग बोलावणं वगैरे राहिलंच नाही. रविवारी अकरा वाजता तिचं पान मांडलेलं असायचं, सुनंदाबाईंच्या नातीच्या, रक्षिताच्या, शेजारी. रक्षिता तीन वर्षांची. ती भार्गवीला इकडच्या पद्धतीनं 'अत्ते' म्हणायची आणि जेवताना तिच्या ताटातली लोणच्याची फोड पळवायची.

सुनंदाबाईंचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की भार्गवीला पहिले काही महिने हसू आवरायचं नाही. "स्वल्प आमटी घे की गं!" असं त्या म्हणाल्या की भार्गवी स्वल्प नाही, भरपूर घ्यायची. नवरा गेल्यावर या बाईंनी स्वयंपाकघरात सरबतं करून विकायला सुरुवात केली. आता आनेकलच्या बाहेर त्यांची पत्र्याच्या छपराची छोटी फॅक्टरी होती. 'सुनंदा फ्रूट प्रॉडक्ट्स'. मुलगा संतोषकुमार हिशेब आणि गिऱ्हाइकं बघायचा, आणि फळांपाशी मात्र सुनंदाबाईंखेरीज कोणाची डाळ शिजत नव्हती.

त्या वर्षी हॉलंडच्या एका खरेदीदारानं त्यांच्या सफरचंदाच्या रसात रस घेतला. आधी एक खेप पाठवा म्हणाला, पसंत पडली तर वर्षभर घेऊ. पण त्याची एक अट होती, आणि ती अट वाचून संतोषकुमार डोकं खाजवत आईकडे आला. पॅट्युलिन नावाच्या कुठल्याशा विषाची तपासणी करून हवी होती. रसात ते पन्नासच्या आत पाहिजे. पन्नास म्हणजे काय, तर एक अब्ज भागांत पन्नास भाग.

"आपली भार्गवी आहे की!" सुनंदाबाई म्हणाल्या. "ती तेच तर करते दिवसभर. घरची पोर असताना बाहेर कशाला शोधायचं?"

घरची पोर! भार्गवीनं तो शब्द आठवडाभर खिशात घालून फिरवला.

ती विल्सन गार्डनमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत अन्नाची तपासणी करायची. मिरचीपूड, तेल, दूध, लोणची. पॅट्युलिन तिनं फक्त दोन-तीनदा केलेलं, तेही परदेशी जाणाऱ्या मालासाठी. इकडे कोणी मागत नसे. सुनंदाबाईंचा पहिला नमुना आला सप्टेंबरात, बाटलीबंद, झाकण घट्ट. भार्गवीनं रसातलं ते द्रव्य विद्रावकात ओढून घेतलं, सोड्याच्या पाण्यानं भराभर धुतलं. भराभर अशासाठी की खारात पॅट्युलिन टिकत नाही, रेंगाळलात तर मोजायला हातात काही उरत नाही. मग तो अर्क यंत्रात सोडला आणि कागदावर उमटणाऱ्या रेषेकडे बघत बसली. रेष सरळ चालली, एकदा उंच उडाली, खाली आली आणि लगेच पुन्हा उडाली.

पहिलं शिखर रस तापवला की साखरेपासून होणाऱ्या एका निरुपद्रवी द्रव्याचं. ते पॅट्युलिनच्या अगदी आधी येतं आणि नवख्याला चकवतं. 'दुसरंही त्याचंच असू दे, देवा,' असं भार्गवी मनात म्हणाली. शास्त्र शिकलेली बाई, पण म्हणाली. मग शुद्ध पॅट्युलिन यंत्रात सोडून बघितलं. दुसरं शिखर बरोबर त्याच जागी आलं. हिशेब केला तर आकडा दोनशेच्या घरात गेला.

त्या रविवारी ती जेवायला न थांबता सुनंदाबाईंबरोबर आनेकलच्या बसमध्ये बसली, फॅक्टरी बघायला. छपराखाली सफरचंदाच्या टोपल्या रांगेनं मांडलेल्या. हिमाचलातून ट्रकनं एवढ्या लांब येता येता जी फळं आपटतात, दबतात, ती बाजारात डागी म्हणून बाजूला काढतात. सुनंदाबाई तीच घ्यायच्या. चार बाया पाटावर बसून छोट्या सुऱ्यांनी फळाचा सडका भाग कोरून काढत होत्या आणि बाकीचं पांढरं फळ घमेल्यात टाकत होत्या. सुनंदाबाई स्वतः पाट ओढून बसल्या आणि त्यांनी एक फळ उचललं. एका गालावर निळसर बुरशीचा ठिपका, भोवती तपकिरी डाग. सुरीचं टोक गोल फिरलं, डाग खाली पडला. बाकीचं फळ लख्ख.

"बघ. आता यात काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं.

"मावशी, ती बुरशी जिथे दिसते ना, तिथेच थांबत नाही तिचं विष," भार्गवी म्हणाली. "डागाच्या पलीकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं. आणि फळ आपटलं की साल फुटते, तिथूनच ती आत शिरते. मग टोपलीत दोन दिवस पडून राहिलं की वाढतेच."

"पण आपण रस उकळतो की गं! उकळल्यावर कुठली बुरशी जगते?"

"बुरशी मरते. विष मरत नाही. आंबट रसात तर ते उकळूनही तसंच राहतं."

सुनंदाबाईंनी हातातल्या फळाकडे बघितलं. त्यांचं लहानपण सात भावंडांत गेलेलं. एक फळ आलं की सात फोडी व्हायच्या, आणि साल कोणाला यावरून भांडण. अख्खं सफरचंद एका डागासाठी फेकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं, हे भार्गवीला दिसत होतं.

"सरी, बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "ही खेप नको. नवीन माल आणते आणि मी स्वतः बसते कापायला. चांगलं खोल कापते. मग तर झालं?"

भार्गवीनं 'अख्खं फेका' म्हणायला हवं होतं. ती "बघूया" म्हणाली. कशी म्हणणार होती ती तरी? समोरची बाई तिच्यासाठी डब्यात शेवयांचा उपमा घेऊन आली होती.

दुसरा नमुना आला दसऱ्याच्या तोंडावर, मंगळवारी संध्याकाळी. संतोषकुमार धापा टाकत प्रयोगशाळेत शिरला. "अक्का, अजून तापवलेला नाही हा, आत्ता दाबून काढलेला रस आहे. चालेल ना? ट्रक पुढच्या मंगळवारी चेन्नई बंदराला निघायचाय."

"चालेल," भार्गवी म्हणाली. "तापवून न तापवून यात काही फरक पडत नाही." हे खरंच होतं. तिनं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. तुम्ही बंगळुरात राहिला नसाल तर ही काय चीज आहे ते कळायचं नाही. त्या दिवशी इथे रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळी यंत्रं न्हाऊनमाखून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून नुसती बसतात. त्यांना कोणी हात लावत नाही. त्यांच्या कामाचा तो सुट्टीचा दिवस. प्रयोगशाळेतही आदल्या संध्याकाळी सगळी जणं फडकी घेऊन लागली होती. प्रमुख प्राणेश स्वतः वजनकाटे पुसत होते. भार्गवीच्या वाट्याला नमुन्यांचा फ्रिज आला. तिनं त्याचा प्लग काढला, मागचं जळमट झाडलं, दार चकाचक केलं, हँडलला माळ बांधली आणि चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटं लावली. फाटकापाशी कोहळा फुटला, पेढे वाटले गेले, आणि सगळी घरी पळाली. त्या वर्षी दसऱ्याला लागून गांधी जयंती आली, तिला लागून शनिवार-रविवार. चंगळ होती सगळ्यांची.

भार्गवीची चंगळ सुनंदाबाईंकडे झाली. दसऱ्याला त्यांनी तिच्या हातात बन्नीची पानं ठेवली, इकडे आपट्याऐवजी तीच देतात. म्हणाल्या, "बंगारासारखी राहा." सोन्यासारखी राहा. भार्गवी पाया पडायला वाकली ती उठेचना. डोळे पुसायला वेळ हवा होता तिला.

सोमवारी तिनं सगळ्यात आधी त्यांचा नमुना घेतला. ओतताना वर जरा फेस आला. ताजा रस आहे, येणारच, असं ती स्वतःला म्हणाली. अर्क काढला, यंत्रात सोडला. रेष सरळ चालली आणि चालतच राहिली. पॅट्युलिनच्या जागी एक बारीकसा उंचवटा, बाकी काही नाही. पन्नासच्या कितीतरी आत!

इतर वेळी ती अहवालावर सही झाल्याशिवाय कोणाला एक अक्षर सांगत नसे. त्या दिवशी मात्र फोनपाशी धावली.

"मावशी, झालं! पास!"

पलीकडे सुनंदाबाई हसत सुटल्या. "माझी सोन्याची पोर गं! संध्याकाळी ये. होळिगे करते तुझ्यासाठी. तूप आणून ठेवलंय कालच."

होळिगे म्हणजे त्यांची पुरणपोळी. भार्गवी दुपारभर गुणगुणत होती. तीनच्या सुमाराला उरलेला रस परत ठेवावा म्हणून तिनं फ्रिजचं दार उघडलं. आतला दिवा लागला नाही.

सकाळी घाईत बाटली उचलताना हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आतून गार हवा आली नाही, कोंदट ऊब आली. हँडलची माळ सुकून काळी पडली होती. मागे वाकून बघितलं तर प्लग जमिनीवर पडलेला, मंगळवारी तिनंच काढून टाकला होता तसा. हातातल्या बाटलीचं झाकण तिनं हळूच फिरवलं. फुस्स झालं आणि ताडीसारखा आंबूस वास नाकात गेला.

आता हे तिला समजावून सांगायला कोणाची गरज नव्हती. न तापवलेल्या रसात फळाच्या सालीवरचं यीस्ट असतंच. चार-पाच दिवस उबेत मिळाले की ते साखर खातं, रस आंबतो, आणि आंबता आंबता ते यीस्ट पॅट्युलिनही मोडून टाकतं. म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं. या बाटलीत विष नव्हतंच. पण हॉलंडला जाणारा रस आंबलेला नव्हता. तो दाबून लगेच तापवून बाटल्यांत भरलेला. त्यात किती आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

बाकीचे आपापल्या टेबलांवर मान खाली घालून काम करत होते. तिनं प्लग लावला असता आणि बाटली बेसिनमध्ये ओतली असती, तर संपलं होतं. अहवाल खरा होता, आकडा खरा होता. ट्रक उद्या निघाला असता. रविवारी पान मांडलं गेलं असतं. भार्गवीला त्या क्षणी स्वतःची इतकी भीती वाटली की ती सरळ प्राणेशच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

प्राणेशनी चष्मा काढला. "दुसरा नमुना आणा," ते म्हणाले. "तापवून भरलेला. ट्रकमध्ये जाणाऱ्या खोक्यातलाच. तोवर सही नाही." आणि जरा थांबून, "तुमच्या घरच्यासारखे आहेत ना ते? दुसऱ्या कोणाला करायला सांगू का?"

"नको," भार्गवी म्हणाली. "मीच करते."

संध्याकाळी ती सुनंदाबाईंकडे गेली. आणि गेल्या गेल्या बोलली का? छे! पाय धुतले, पानावर बसली, पहिली होळिगे खाल्ली, दुसरी खाल्ली, सुनंदाबाईंनी वरून तूप सोडलं तेही खाल्लं. हा घास शेवटचा असेल असं ज्याला वाटतं तो माणूस हळूहळू खातो. तिला दोष देऊ नका. तिच्या जागी मी असतो तर तिसरीही मागितली असती.

मग रक्षिता दोन्ही हातांत पेला धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, सांडू न देता तिच्यापाशी आली. "अत्ते, आज्जीचा नवा जूस. मी दोन प्याले. हा तुला."

भार्गवीनं पेला घेतला आणि खाली ठेवला. "मावशी," ती म्हणाली, "सकाळी मी घाई केली."

तिनं फ्रिजचं सगळं सांगितलं. संतोषकुमारचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"अक्का, फ्रिज तुमचा. प्लग तुम्ही काढला. आमच्या रसाचा काय गुन्हा?" तो म्हणाला. "ट्रक सकाळी भरायचाय. तो माणूस दुसरी संधी देईल का?"

"गुन्हा माझाच आहे," भार्गवी म्हणाली. "म्हणून तर मला खोक्यातली बाटली हवी."

सुनंदाबाई उठल्या. आतून एक सीलबंद बाटली घेऊन आल्या आणि तिच्या हातात दिली. "घेऊन जा. यातलं एकेक फळ मी माझ्या हातानं कापलंय. बोटाएवढं खोल. घरात लेकराला पण हीच देते मी. मला कसली भीती?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. विश्वास होता, आणि तो भार्गवीला रागापेक्षा जड गेला.

मंगळवारी आकडा आला नव्वदच्या जवळ. तिनं तो तीनदा काढला. दोनशेवरून नव्वदवर आणलं होतं सुनंदाबाईंच्या सुरीनं, एवढं खोल कापलं होतं. पण काही सफरचंदं बाहेरून धड असतात आणि बुरशी आत बियांपाशी बसलेली असते. तिथे कोणाची सुरी काय करणार?

फोनवर सांगायचं तिच्या जिवावर आलं. ती बस पकडून आनेकलला गेली. बाया जेवायला गेल्या होत्या. सुनंदाबाई छपराखाली एकट्याच पाटावर बसून सुऱ्या पुसत होत्या. भार्गवी शेजारी जमिनीवर बसली आणि आकडा सांगितला.

सुनंदाबाईंनी हातातली सुरी पुसून ठेवली आणि दुसरी उचलली. मग म्हणाल्या, "नव्वद. हा नव्वद दिसतो तरी का? मी चव घेतली, वास घेतला. काही नाही. कोण मेलंय आमच्या रसानं आजवर?"

"कोणीही नाही. मरायची गोष्टच नाही ही." भार्गवीनं कोपऱ्यातलं एक फळ उचललं आणि हातात फिरवत राहिली. "मावशी, ही मर्यादा अशी ठरवतात बघा. उंदरांना रोज थोडं थोडं देऊन बघतात. ज्या प्रमाणात त्यांना काहीच होत नाही, ते प्रमाण धरतात आणि त्याचाही शंभरावा भाग घेतात. म्हणजे कड्याच्या टोकावर नाही, पार गावाबाहेर कुंपण घालतात. मग बघतात, माणसाचं वजन किती आणि तो पितो किती. मोठा माणूस सफरचंदाचा रस किती पिणार? आणि त्याचं वजन साठ किलो. पण लहान मूल..."

ती बोलायची थांबली. फार उशिरा थांबली.

"लहान मूल काय?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"लहान मुलं वजनाच्या मानानं खूप रस पितात," भार्गवी हळू आवाजात म्हणाली. "मर्यादा मुख्य त्यांच्याचसाठी. पन्नासच्या रसातही अर्ध्या पेल्यात बारा किलोच्या मुलाचा दिवसाचा वाटा भरतो."

सुनंदाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. रक्षिता बारा किलोची होती. मागच्याच रविवारी वजन केलं होतं भाजीवाल्याच्या काट्यावर, गंमत म्हणून, भार्गवीनंच तिला उचलून पारड्यात बसवलं होतं.

"दोन पेले पिते ती," सुनंदाबाई म्हणाल्या. "रोज. दोन वर्षं. नको म्हणाली तरी मी पाजते. विकतचं नको, घरचं शुद्ध पी म्हणून."

"तिला काही झालेलं नाहीये. होणारही नाही बहुतेक. कुंपण फार लांब घातलेलं असतं, मी म्हटलं ना, मावशी, ऐका..."

"बहुतेक?"

भार्गवीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. या एका विषयात येत नव्हतं. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्यानं जे व्हायचं ते झालं. सुनंदाबाई उठल्या, टोपलीतली सफरचंदं त्यांनी एकेक करून बाहेरच्या उकिरड्यावर फेकायला सुरुवात केली. चांगलीही फेकली. भार्गवी मदतीला उठली तशी त्या मागे न बघता म्हणाल्या, "तू जा. बस चुकेल."

बस अर्ध्या तासानं होती. ती गेली.

खेप गेली नाही. हॉलंडचा माणूसही गेला, तो काय थांबतोय! पण खरं सांगू, सुनंदाबाईंनी तिला माफ केलं नाही ते खेपेसाठी नव्हे. खेप बुडाल्यावर दुसरी आणणारी बाई ती. पण जी बाई तुमच्या तोंडावर सांगते की तुम्ही प्रेमानं पाजलेल्या पेल्यात काय होतं, तिला परत पानावर कसं बसवायचं? तिच्याकडे बघितलं की तो पेला आठवणार. भार्गवीला हे कळत होतं. कळून उपयोग काय! पहिल्या रविवारी ती अकरा वाजता साडी नेसून तयार झाली, जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या रविवारी तिनं साडी नेसली नाही. तिसऱ्या रविवारी भाजीबाजारात सुनंदाबाई लांबून दिसल्या. दोघींनी एकमेकींना बघितलं, आणि सुनंदाबाई कांद्यांकडे वळल्या.

ते वर्ष भार्गवीनं कसं काढलं ते काय सांगावं! दिवाळीला ती नागपूरला गेली नाही, रजा नाही असं कळवलं. रजा होती. संक्रांतीला घरमालकीणबाईंनी इकडच्या रिवाजाप्रमाणे तीळ-खोबऱ्याची पुडी दिली. ती त्यांच्याशी जिन्यातच दहा मिनिटं बोलत उभी राहिली, तेव्हा त्या बिचाऱ्या संकोचून आत गेल्या. कधी कधी ती सफरचंद विकत घ्यायची, कापायची, आणि आत कुठे डाग असला की अख्खं टाकून द्यायची. मग उपाशी झोपायची नाही, पोळी-भाजी खायची. पण डोळ्यांपुढे तो पाट यायचा.

पुढच्या सप्टेंबरात सफरचंदांचे ट्रक परत आले, आणि एका सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक नमुना आला. सुनंदा फ्रूट प्रॉडक्ट्स. बर्फाच्या डब्यात, सीलबंद, तापवून भरलेला. आणणारा ड्रायव्हर म्हणाला, "अम्मांनी सांगितलंय, बर्फ वितळायच्या आत द्या." भार्गवीनं विचारलं, फॅक्टरीत हल्ली काय काय बदललं? तो हसला. "डागी फळ आत येतच नाही, मॅडम. आलं तर अम्मा अख्खं फेकतात. धुवायला पाण्याचा मोठा फवारा बसवलाय. आणि दर टोपलीतली दहा फळं त्या मधोमध कापून बघतात. बिया बघतात."

भार्गवीनं त्या दिवशी दुसऱ्या कशालाच हात लावला नाही. रेष सरळ चालली, तापवल्याचं छोटं शिखर आलं आणि मग सरळ. पॅट्युलिनच्या जागी शोधूनही काही सापडलं नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा नाही. फ्रिजचा दिवा लागतोय ना ते दोनदा उघडून बघितलं. प्राणेशनी सही केली, तिनं सही केली, आणि सगळे जेवायला गेल्यावर तिनं फोन उचलला. नंबर बोटांना पाठ होता.

फोन सुनंदाबाईंनीच घेतला. "हलो?"

"पास झालं," भार्गवी म्हणाली. एवढंच तिला सुचलं. "अगदी काहीच नाही त्यात. कोणालाही द्या. लहान मुलांनासुद्धा."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, कुकरची शिट्टी झाली. मग लांबून धावत येणारी पावलं आणि रक्षिताचा आवाज, आता चार वर्षांचा, स्पष्ट झालेला. "आज्जी, कोण आहे? अत्ते आहे का?"

भार्गवीनं फोन कानाशी आणखी दाबला.

"नाही गं," सुनंदाबाई तिला म्हणाल्या. "लॅबवाले आहेत." आणि मग फोनमध्ये, अगदी नम्रपणे, "सरी, मॅडम. रिपोर्ट पाठवून द्या."

"पाठवते," भार्गवी म्हणाली. पण तोवर फोन ठेवला गेला होता.